पळणाऱ्यांच्या मागे जाऊ नये

शनिवारी सकाळी मी आणि मुक्ता टेनिसचे जुने चेंडू आणायला गेलो होतो. इथे जर्मनीत, उंटरश्लाइसहाइममधल्या आमच्या घरापासून क्लब दहा मिनिटांवर आहे. तिथल्या हाउसमाइस्टरने, म्हणजे देखभाल करणाऱ्याने, एक पिशवी भरून चेंडू फुकट दिले आणि विचारलं, कशासाठी? मुक्ता हसत म्हणाली, "बाबांना युद्ध करायचंय." तोही हसला. मीही हसलो. इतक्या साध्या कामापासून हे सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगतो. पुढचं सांगताना माझा माझ्यावरच विश्वास राहणार नाही. जिथे शंका वाटेल तिथे मला थांबवा.

मी छत्तीस वर्षं पुण्यात युद्धांचा इतिहास शिकवला. निवृत्त झालो, पत्नी गेली, आणि लेकीने मला इकडे आणलं. जावई हृषिकेश इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माझ्या गोळ्यांची आठवड्याची डबी दर रविवारी तोच भरतो, सात खणांत, यादी न बघता. त्याला कुठलंही काम अर्धं सोडलेलं खपत नाही. हे गुण म्हणूनच सांगतोय. तेव्हा मलाही तो गुणच वाटत होता.

नोव्हेंबरातल्या सहलीत मी काहीतरी बोलावं, असं मराठी मंडळाने ठरवलं. आउग्सबुर्गच्या दक्षिणेला लेश नदीकाठी लांबच लांब सपाट माळ आहे, लेशफेल्ड. इथे ९५५ साली जर्मनांनी पूर्वेकडून चालून येणाऱ्या मग्यार स्वारांना हरवलं, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्याआधी पंचेचाळीस वर्षं, ९१० साली, याच भागात त्याच मग्यारांनी जर्मनांचं सैन्य कापून काढलं होतं, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. नेमकी जागा कुणालाच सांगता येत नाही. मला त्या ९१०च्या लढाईबद्दल बोलायचं होतं. नुसतं बोलून कंटाळा येईल म्हणून मी सुचवलं, आपण ती करून पाहू. ही कल्पना माझी होती. माझ्या एकट्याची.

रविवारी दुपारी दोनला आम्ही बाराजण रेगिओ ट्रेनमधून उतरलो. हृषिकेशने शेतकऱ्याची आधीच फोनवरून परवानगी काढली होती. कापलेल्या गवताचं ते विस्तीर्ण कुरण होतं. एका बाजूला नदीचा बांध, समोर दूरवर पॉपलरची रांग, मध्ये काही नाही. ऊन फिकं होतं. ओल्या मातीचा वास येत होता.

आठजण पायदळ. त्यांच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेल्या सॅक, हातात पुठ्ठ्याच्या ढाली. तिघे सायकलवर: हरीश, त्याची बायको तनया आणि नुकताच नोकरीला लागलेला क्षितिज. तेच स्टेपच्या गवताळ माळावरचे स्वार, आणि चेंडू हे त्यांचे बाण.

"सॅकमध्ये बारा किलो भरा," मी म्हणालो. "जाळीचं चिलखत साधारण तेवढंच असायचं. ढाल आणि शिरस्त्राण वेगळं."

"बाबा, मी पंधरा भरलंय," हृषिकेश म्हणाला.

"याला ऑफिसातही ओव्हरटाइम लागतो," हरीश म्हणाला. तो आमच्याच गल्लीत राहतो आणि हृषिकेशची थट्टा केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

मी आठजणांना खांद्याला खांदा लावून उभं केलं. पहिल्या फेरीचा नियम एकच, रांग सोडायची नाही. सायकली आल्या, चाळीस पावलांवरून चेंडू मारत आडव्या गेल्या, वळल्या, पुन्हा आल्या. पायदळाने मारलेला एकही चेंडू त्यांना लागला नाही. पण ढालींच्या भिंतीलाही फारसं काही झालं नाही. दहा मिनिटांत स्वारांचे चेंडू संपत आले.

"पाहिलंत?" मी म्हणालो. "उभं राहिलेलं पायदळ घोडेस्वारांना सहजी फोडता येत नाही. घोडा भाल्यांच्या भिंतीवर चाल करत नाही. म्हणून हे लोक भिंत फोडायच्या भानगडीत पडतच नसत. भिंतीनेच आपण होऊन मोडावं, अशी तजवीज करत."

"म्हणजे आपला गनिमी कावाच की हो, सर!" हरीश म्हणाला.

"चुलतभाऊ म्हणा. गनिमी काव्याला डोंगर लागतो, खिंड लागते. यांना लागतं असं माळरान. लपायला जागा नाही म्हणून समोरचा बेसावध असतो."

मग मी सगळं सविस्तर सांगितलं. शिंग, लाकूड आणि स्नायूंचे धागे सरसाने चिकटवून केलेलं आखूड धनुष्य, जे धावत्या घोड्यावरून कुठल्याही दिशेला वळवता येतं, अगदी मागे वळून घोड्याच्या पुठ्ठ्यावरूनही. एकेका स्वाराकडे तीन-चार घोडे, एक दमला की दुसरा. सकाळपासून हल्ला, माघार, पुन्हा हल्ला. माणसं फारशी मरत नाहीत, पण चिडतात. बाण खाऊन परत मारता येत नाही, याची चीड. मग दिवस कलताना स्वार खरोखरच हरल्यासारखे पळू लागतात. ओरडतात, सामान टाकतात, एखादा घोड्यावरून लोंबकळतो. समोरच्यांचे जड घोडेस्वार आधी सुटतात, पायदळ मागून धावतं. बलवान पुढे, दमलेले मागे, मध्ये फटी. पळणारे फार लांब जात नाहीत. ते अंतर राखतात. तुम्ही मंद झालात की तेही मंद होतात. ९१०च्या लढाईत तीन ठिकाणी माणसं दडवली होती असं एका पाद्र्याने लिहून ठेवलंय. ती दोन्ही बाजूंनी उठतात, पळणारे वळतात, आणि आता भिंत उरलेली नसते, नुसती विखुरलेली, धापा टाकणारी माणसं असतात.

"पण माहीत असून मागे जातात कशाला?" मुक्ताने विचारलं. "मूर्ख होते का?"

"हाव," मी म्हणालो. "विजयाची हाव आणि बेशिस्त." छत्तीस वर्षं मी हेच उत्तर देत आलो होतो.

दुसऱ्या फेरीत माघारीचं सोंग करायचं होतं. स्वारांनी पॉपलरपर्यंत पळायचं, तिथून दोन बाजूंना फुटून पायदळाच्या बगलेवर यायचं. मी बांधावर शिट्टी घेऊन उभा. लांब शिट्टी वाजली की खेळ बंद, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. एवढंच माझं काम होतं.

पावणेचार झाले होते. नदीवरून धुकं उतरायला लागलं होतं, पण पातळ. मी म्हणालो, हरकत नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे.

हरीशने फार सुंदर केलं. एक चेंडू हृषिकेशच्या कानावर बसला, दुसरा कपाळावर. "काय रे पंधरा किलो! हलता येतंय का?" तिसऱ्या वेळी त्याने सायकल डगमगवली, पाय टेकला, कळवळून ओरडला, आणि तिघे दक्षिणेकडे पळाले.

"पडतोय तो! धरा!" हृषिकेश ओरडला, आणि रांग सुटली.

मी आयुष्यभर फळ्यावर काढलेली आकृती माझ्यासमोर जिवंत होत होती. हृषिकेश पुढे, त्याच्या मागे दोघे, मग मुक्ता आणि मंडळातली सुलेखा, मग बाकीचे. फटी अगदी जिथे पडायला हव्यात तिथेच पडत होत्या. खरं सांगतो, मला आनंद झाला. एकेक आकृती धुक्यात फिकी होत गेली, नाहीशी झाली. ओरडणं ऐकू येत होतं, आणि त्याच्याही पुढे सायकलींची खडखड. मी शिट्टी ओठाला लावली आणि वाजवली नाही. वाटलं, अजून थोडं होऊ दे.

तेवढ्यात माझ्या मागे बांधावर कुणीतरी खोकलं.

वळून पाहिलं तर हरीश. सायकल हातात धरून चालत येत होता. हात काळे झालेले. मागे तनया आणि क्षितिज.

"सॉरी, सर. माझी चेन निघाली. या बांधाखालच्या झुडपांमागे केव्हापासून खटपट करतोय. म्हटलं तुम्हाला सांगावं, थांबवा म्हणून."

मी त्यांना मोजलं. एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं.

"मग ते कुणाच्या मागे पळतायत?" तनयाने विचारलं.

धुक्यातून हृषिकेशचा आवाज आला, बराच लांबून. हसरा, दम लागलेला. "आता... सापडला... आता!" त्याच्याही पुढे काहीतरी धावत होतं. मी सायकलींची खडखड म्हणालो ना मघाशी? ती तशी नव्हती. गवतावर मऊ, दणदणीत, अनियमित ठोके पडत होते. वाऱ्याबरोबर वासही आला, ओल्या जनावराचा आणि आंबलेल्या दुधाचा.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते एखाद्या पोरालाही कळलं असतं. पण मी विचार करत बसलो. माझे कान म्हातारे आहेत. शेजारी कुणाचे घोडे असतील. मी घाबरट आहे, माझी मुलगी नेहमी म्हणते. उगाच शिट्टी मारून हसं होईल. किती वेळ गेला कुणास ठाऊक. हरीशनेच माझा दंड हलवला. "सर... शिट्टी!"

मी वाजवली. श्वास संपेपर्यंत वाजवली.

ठोके थांबले. मग धुक्यातून एकेक जण परत आला. सुलेखा, मुक्ता, आणखी पाच. सात.

"हृषी कुठेय?" मुक्ता म्हणाली. "तो माझ्यापुढेच होता. बाबा, तो ऐकतच नव्हता. मी हाक मारली तरी..." तिने सॅक खाली टाकली आणि वळली.

मी तिचा हात पकडला. इतक्या जोरात की नंतर तिथे वळ उठला. "एकट्याने कुणी जायचं नाही."

"बाबा, सोडा!"

"सगळ्यांनी मिळून. हातात हात. माझ्या पावलाला पाऊल."

तनयाने ११२ ला फोन लावला. ती आणि क्षितिज पोलिसांना वाट दाखवायला रस्त्याकडे गेले. उरलेले आम्ही नऊजण एकमेकांचे दंड धरून धुक्यात शिरलो. हरीशचे विनोद बंद झाले होते. पाच पावलं, मग हाक. पाच पावलं, मग हाक.

दोनशे पावलांवर हृषिकेशचं नारिंगी जाकीट दिसलं. पाठमोरा, धुक्यात पुसट.

"हृषी!" मुक्ता ओरडली.

त्याने मान वळवून पाहिलं आणि चालू लागला. आमच्यापासून लांब. आम्ही भरभर निघालो. तोही भरभर. रांगेतला उजवीकडचा टोकाचा माणूस मागे पडला, सुलेखाचा हात सुटला. मला ते जाणवलं.

"थांबा!" मी म्हणालो. "सगळे थांबा."

आम्ही थांबलो. तो थांबला. साठ-सत्तर पावलांचं अंतर.

"सर, त्याला लागलं असेल," हरीश कुजबुजला. "जाऊन आणतो मी. दोन मिनिटं..."

"एक पाऊलही नाही."

तो लंगडायला लागला. लंगडत चार पावलं गेला, गुडघ्यावर पडला. मुक्ता माझ्या हातात तडफडत होती. त्या क्षणी मला कळलं की छत्तीस वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं. हाव नसते ती. रांगेत उभं राहून ती हाव वाटतच नाही. समोर पडलेलं माणूस आपलं आहे आणि दोन मिनिटांचं काम आहे, एवढंच वाटतं.

"पाठीला पाठ लावा," मी म्हणालो. "गोल करा. ढाली बाहेर."

पुठ्ठ्याच्या ढाली. हसू नका. कुणीही हसलं नाही. कारण आता दोन्ही बाजूंना काहीतरी होतं. डावीकडे गवत दाबलं जात होतं, सावकाश, आमच्या कडेकडेने. मग उजवीकडे. एक लांब फुरफुर. कुणाच्या तरी तोंडची वाफ. कोणताही बाण आला नाही. मला वेड्यासारखं आठवत होतं, दमट हवेत सरस सुटतो, धनुष्य निकामी होतं. ९५५च्या लढाईच्या सुमाराला पाऊस होता आणि काही जण पराभवाचं एक कारण तेही मानतात. आज त्यांना बाण मारता येणार नाहीत. आज आम्ही मोडलो तरच.

"बाबा, प्लीज..." मुक्ता रडत होती. "तो पडलाय... तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय."

"मग?"

मी तिचा हात आणखी घट्ट धरला. समोर पडलेला खरंच हृषिकेश असेल तर मी माझ्या जावयाला तिथे मरू देत होतो. ही शंका आजही गेलेली नाही.

चाळीस मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. हरीशच्या घड्याळात पाहिलं म्हणून आकडा सांगतो. मग रस्त्याकडून पोलिसांच्या गाडीचा निळा उजेड धुक्यात लुकलुकला. बाजूचे आवाज ओसरले. समोर पाहिलं तर गवतावर कुणीच नव्हतं.

आणि हृषिकेश मागून आला. बांधाच्या बाजूने, ज्या वाटेने आम्ही आलो होतो तिथून. लंगडत नव्हता. जाकीट अंगावर, सॅक पाठीवर. मुक्ता त्याच्या गळ्यात पडली. पोलिसाने विचारपूस केली, पाणी दिलं, आम्हा सगळ्यांना जरा रागावला. हे बघा, धुक्यात असले खेळ करू नका.

परतीच्या गाडीत हृषिकेश माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही आलाच नाहीत. मी कितीदा थांबलो तुमच्यासाठी."

आवाजात राग नव्हता. तक्रार होती, लहान मुलासारखी.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. तो कामावर जातो. गोळ्यांची डबी भरतो, एकही खण चुकलेला नाही. मुक्ता म्हणते, बाबा, तुम्हीच उगाच त्याच्याकडे टक लावून बघता. बघत असेन. पण पूर्वी तो माझ्या शेजारून चालायचा, माझ्या गुडघ्याच्या चालीने. आता पुढे चालतो. आम्ही मागे पडलो की वळून पाहतो आणि रेंगाळतो. जवळ गेलो की निघतो. मी मुद्दाम करून पाहिलं, तीनदा. तीनही वेळा अंतर तेवढंच.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. रविवारी दुपारी आम्ही तिघे वस्तीमागच्या शेतवाटेने फिरायला गेलो. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं. हृषिकेश पुढे. गावाची शेवटची घरं मागे राहिली तसा मी थांबलो.

"मुक्ता, परत जाऊ."

"का?"

"दमलो मी."

पुढे तोही थांबला. वळला. हात हलवला नाही, हाक मारली नाही. नुसता उभा राहिला.

"थांबलाय तो आपल्यासाठी," मुक्ता म्हणाली. "एवढा नवरा वाट बघतोय, आणि मी परत जाऊ?" तिने माझ्या दंडातून हात काढून घेतला आणि चालू लागली.

मी उभं राहायला हवं होतं. कारण मला सगळं ठाऊक होतं. पण ती माझी मुलगी आहे, आणि वीस पावलांवर होती. मी निघालो. वारा अजिबात नव्हता. डावीकडच्या एका झाडावरून बर्फ धपकन खाली पडला. मग उजवीकडच्या.

आम्ही तिघे घरी आलो. चहा घेतला. मला नीट आठवतंय, सात वाजले होते, मुक्ताने आलं किसलं होतं.

काल हरीश भेटला, कचऱ्याच्या डब्यांपाशी. म्हणाला, "काय हो सर, रविवारी कुठे चालला होता तिघे? मी शेतवाटेवर मागून केवढ्या हाका मारल्या. तुम्ही वळून बघायचात, थांबायचात, आणि मी जवळ आलो की पुन्हा चालायला लागायचात. गंमत करत होता ना?"

मी हसून हो म्हणालो. मला हाका ऐकू आल्या नव्हत्या. मी एकदाही मागे वळून पाहिलेलं मला आठवत नाही.

"येत्या रविवारी सोडणार नाही," हरीश म्हणाला. "तनयालाही घेऊन येतो."